गाठ कापून पाहिली तेव्हा

२०१६च्या डिसेंबरात मामेभावाचा फोन आला. त्याने ख्यालीखुशाली विचारली नाही, पाऊसपाणी सांगितलं नाही. "आक्का, तुझं कल्चर फसलं," एवढंच म्हणाला. मी तेव्हा नोकरीत होते. मातीतले जिवाणू मोजणं आणि ते मुलांना मोजायला शिकवणं हे माझं काम. हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम लाव, असं त्याला मीच सांगितलं होतं, तेही फोनवरच, दोन मिनिटांत. त्यामुळे 'तुझं' हा शब्द त्याने मुद्दाम वापरला होता, आणि मला तो लागलाही.

त्याची जमीन मांजरा नदीच्या काठची, लातूर जिल्ह्यातली. त्याच वर्षीच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं होतं, हे वाचकांना आठवत असेल. त्या दुष्काळात नदीकडच्या रानातला ऊस वाळून गेला. वीसएक वर्षं त्या रानात ऊस आणि खोडवा याखेरीज काही घेतलेलं नव्हतं. पुढे पावसाळा उलटला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात एवढा पाऊस झाला की मोडलेल्या उसाच्या जागी रब्बी पेरता येईल अशी ओल मिळाली. घरामागच्या रानात दरवर्षी होता तसा हरभरा पेरला, आणि नदीकडच्या रानात पहिल्यांदाच. बियाणं एकच, दुकानही एकच, पाकिटंही एकाच खोक्यातली. चाळीस दिवसांनी घरामागचं रान हिरवंगार होतं आणि नदीकडचं पिवळं पडलं होतं.

मी शनिवारी गेले. पिवळं पडलं म्हणजे कुठून, हे आधी पाहिलं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी असती तर लोहाच्या कमतरतेचा संशय घेतला असता, कारण आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तसं होतं. इथे खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली होती. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून कोवळ्या पानाला देतं. म्हणजे झाड उपाशी होतं, आणि तेही नत्रावाचून.

मग मुळं. हरभरा हाताने उपटायचा नाही, हे मी विद्यार्थ्यांना ओरडून सांगत असे, कारण उपटताना मुळावरच्या गाठी मातीतच राहतात आणि माणूस "गाठी नाहीत" म्हणून मोकळा होतो. कुदळीने वीतभर खोल ढेकळासकट रोप काढायचं, बादलीभर पाण्यात ठेवायचं आणि माती आपोआप सुटू द्यायची. दोन्ही रानांतून वेगवेगळ्या ठिकाणची दहा-दहा रोपं मी अशी काढली. घरामागच्या रोपांवर गाठी होत्या, पण त्या बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या. नदीकडच्या दहांपैकी सात रोपांची मुळं कोरी होती. उरलेल्या तिघांवर एखाददुसरी गाठ होती.

बादलीतल्या त्या दोन प्रकारच्या मुळांत काय फरक होता, ते कळायला गाठ होते कशी हे थोडं सांगावं लागेल.

हवेचा चार पंचमांशाच्या आसपास भाग नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे धरून असतात की झाडाला त्याचा काही उपयोग नाही. ते बंध तोडायला खत कारखान्यात चारशे-साडेचारशे अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. काही जिवाणू हेच काम रानातल्या तापमानात करतात. द्विदल झाडांचं यात काही विशेष आहे, हे हेलरीगेल या जर्मन संशोधकाने १८८६मध्ये बर्लिनच्या सभेत मांडलं. निर्जंतुक वाळूत वाढवलेला वाटाणा नत्र दिल्याशिवाय खुरटतो, पण त्याच वाळूत शेतातल्या मातीचं थोडं पाणी ओतलं की मुळावर गाठी येतात आणि झाड वाढायला लागतं. ओटच्या रोपाला मात्र त्या पाण्याचा काही फायदा होत नाही. दोन वर्षांनी हॉलंडमध्ये बायेरिंकने त्या गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला.

गाठ सुरू होते ती एका ओळखीने. हरभऱ्याचं मूळ मातीत विशिष्ट द्रव्यं सोडतं. आसपास त्याचा जोडीदार जिवाणू असेल तर तो उलट एक रेणू पाठवतो. तो रेणू मुळाने ओळखला, तरच मुळावरचा केस आकड्यासारखा वळतो, जिवाणू त्या वळणात अडकतो आणि केसातून एक बारीक नळी आत उतरते. तिकडे आतल्या पेशी आधीच विभागायला लागलेल्या असतात. मूळ स्वतःच घर बांधतं आणि भाडेकरू आत घेतं. हा निरोप सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी, भुईमूग यांचे जिवाणू पुष्कळसे एकमेकांत चालतात. वाटाणा, मसूर, लाख यांचा गट वेगळा. सोयाबीनचा वेगळा. हरभरा या बाबतीत फारच सोवळा आहे, तो आपल्या जिवाणूखेरीज सहसा कोणाला आत घेत नाही. नदीकडच्या उसाच्या बांधावर भावाने तुरीच्या ओळी लावलेल्या होत्या. त्या जोमदार होत्या, पण हरभऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता.

आणि गाठ आली म्हणजे काम झालं, असंही नाही. नत्राचे बंध तोडणारं विकर प्राणवायूने निकामी होतं. पण ते काम करणाऱ्या जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू लागतोच. झाड यावर तोडगा काढतं. गाठीत ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातलं एक प्रथिन भरतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि मोजून-मापून जिवाणूला पोचवतं. कुबो या जपानी संशोधकाने १९३९मध्ये हा लाल पदार्थ ओळखला. म्हणूनच चालू गाठ नखाने किंवा ब्लेडने कापली की आतून गुलाबी, कधी रक्तासारखी लाल दिसते. पांढरी निघाली तर ती अजून कच्ची आहे, किंवा आत आलेला जिवाणू फुकट खाणारा आहे. हिरवी-तपकिरी निघाली तर तिचं आयुष्य संपलेलं आहे. मी आजवर प्रयोगशाळेत पुष्कळ महागडी यंत्रं वापरली, पण रानात उभं राहून निकाल देणारी यापेक्षा सोपी चाचणी मला माहीत नाही. फक्त ती वेळेवर करायची. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, फुलं लागताना. घाटे भरायला लागले की झाड आपली साखर दाण्याकडे वळवतं, गाठींचा पुरवठा आटतो आणि चांगल्या गाठीही हिरव्या पडतात. त्या वेळी कापून पाहणाऱ्याची दिशाभूल होते.

आणखी एक गोष्ट तिथल्या तिथे भावाला दाखवली. सूत्रकृमींमुळेही मुळावर गाठी येतात. पण ती मुळाचीच सूज असते, नखाने निघत नाही. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटल्यासारखी असते, टिचकीने सुटते. हरभऱ्यात ती गोल मण्यासारखीही नसते, तर फांद्या फुटलेल्या पोवळ्यासारखी वेडीवाकडी असते.

घरामागच्या गाठी आतून गुलाबी होत्या. नदीकडच्या ज्या चार-दोन होत्या, त्याही गुलाबीच. म्हणजे आलेले जिवाणू नालायक नव्हते, ते पोचलेच नव्हते. रानात पिवळेपणा नसता आणि तरीही मुळं कोरी असती, तर मी जमिनीत नत्र जास्त आहे असं म्हटलं असतं. आयतं नत्र मिळत असेल तर झाड गाठी बांधायच्या भानगडीत पडत नाही. म्हणूनच हरभऱ्याला युरियाचा हात सैल सोडू नये असं सांगतात. इथे तसं नव्हतं, उसाने ते रान आधीच खाऊन ठेवलं होतं.

मग प्रश्न पाकिटाचा. एक पाकीट उरलं होतं. त्यावर हरभऱ्याचं नाव होतं, आणि मुदत संपायला अजून पंधरा दिवस बाकी होते. मी ते घेऊन आले आणि सोमवारी मोजायला बसले. आतली लिग्नाइटची काळी भुकटी एक ग्रॅम घ्यायची, निर्जंतुक पाण्यात दहापट, शंभरपट, हजारपट असं विरळ करत जायचं आणि थेंब बशीत पसरायचा. बशीतल्या खाद्यात काँगो रेड हा रंग घातलेला असतो. रायझोबियमच्या वसाहती तो बहुधा शोषत नाहीत, पांढुरक्या, ओलसर राहतात. इतर पुष्कळ जिवाणू लाल होतात. चार दिवसांनी बशा लालेलाल झाल्या होत्या. पांढऱ्या वसाहतींवरून हिशेब निघाला तो ग्रॅमला दोन लाखांचा.

आपल्याकडे जैविक खतं २००६पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत, आणि भुकटीतल्या रायझोबियमसाठी किमान मर्यादा आहे ग्रॅमला पाच कोटी. दोन लाख आणि पाच कोटी यांतला फरक कागदावर नुसता शून्यांचा वाटतो, म्हणून तो दाण्यावर आणून पाहावा. शिफारस दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमच्या एका पाकिटाची. शंभर दाण्यांचं वजन वीस ग्रॅम धरलं तर दहा किलोत पन्नास हजार दाणे. चांगल्या पाकिटात २५० गुणिले पाच कोटी, म्हणजे बाराशे पन्नास कोटी जिवाणू. दाण्यामागे अडीच लाख. एवढे कशाला, असं वाटेल. पण लेप वाळताना त्यांतले बरेचसे काही तासांतच मरतात, उरलेल्यांतले मातीत मरतात. म्हणून हरभऱ्यासारख्या मोठ्या दाण्यावर लाखभर तरी असावेत, असा साधारण दंडक आहे. भावाच्या पाकिटातून दाण्यावर गेले ते एक हजार.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. पाकीट जूनमध्ये तयार झालं होतं, तेव्हा कदाचित त्यात पुरेसे जिवाणू असतीलही. पण मधले महिने ते पत्र्याच्या छपराखाली, खतांच्या पोत्यांवर पडून होतं. हे जिवाणू तीस अंशांच्या आत सुखी असतात. चाळिशीच्या पुढे ते भराभर मरतात, आणि पाकिटावरच्या तारखेला त्याचा पत्ता नसतो. मुदत ही सावलीत ठेवलेल्या पाकिटाची असते.

दुसरी चूक मात्र माझी होती, आणि ती मी त्याला फोनवर कबूल केली. मर रोगासाठी बुरशीनाशक लाव आणि कल्चरही लाव, एवढंच मी सांगितलं होतं. कोणतं आधी, ते सांगितलं नव्हतं. त्याने वेळ वाचवायला दोन्ही एकाच घमेल्यात कालवली. हजारातले किती त्यातून जगले असतील, ते त्या कोऱ्या मुळांनी सांगितलंच होतं.

"मग घरामागच्या रानात कसं आलं?" त्याने विचारलं. हा खरा प्रश्न होता. तिथेही तेच मेलेलं पाकीट आणि तेच घमेलं. उत्तर त्या विखुरलेल्या गाठींत होतं. बियाण्यावरून आलेला जिवाणू उगवतानाच मुळाशी असतो, म्हणून त्याच्या गाठी मुख्य मुळावर, खोडाच्या अगदी खाली दाटीने येतात. बाजूच्या मुळांवर लांब लांब आलेल्या गाठी बहुधा जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या. वर्षानुवर्षं हरभरा घेतलेल्या रानात त्याचे जिवाणू वसतीला असतात. कल्चर लावलं काय, न लावलं काय, त्या रानाला फरक पडला नव्हता. हवाईमधल्या माउई बेटावर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९९१मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. मातीत ग्रॅमला पन्नास जरी योग्य जिवाणू आधीपासून असले, तरी बाहेरून लावलेल्यांचा उत्पन्नावरचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, असं तिथे दिसलं. पाकिटाच्या जाहिरातीत ही गोष्ट कधी लिहिलेली मी पाहिलेली नाही. दरवर्षी सगळ्या रानांना सरसकट कल्चर लावा, असं सांगणाऱ्यांत मीही होते.

त्या हंगामात फार काही करता आलं नाही. चाळीस दिवसांच्या पिकाला बाहेरून जिवाणू देऊन उपयोग नसतो. पाण्याबरोबर थोडा युरिया दिला, पीक तगलं, पण घाटे कमीच लागले.

२०१७च्या रब्बीसाठी आम्ही नीट तयारी केली. पाकिटं तयार होतात तिथूनच, महिन्याच्या आतली आणली. मामींनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या आडोशाला ठेवली. "तुझ्या जिवाणूंचं बाळंतपण चाललंय," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एक पाकीट मी आधीच मोजलं. आकडा मर्यादेच्या वर होता. पण पांढरी वसाहत म्हणजे रायझोबियमच, अशी खात्री नसते, म्हणून त्याचं पाणी निर्जंतुक वाळूतल्या चार रोपांना घालून पाहिलं. तीन आठवड्यांत चारही रोपांवर गाठी आल्या.

पेरणीच्या सकाळची कृती साधी आहे. बुरशीनाशक आदल्या दिवशीच लावून बी वाळवून ठेवलं. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम गूळ उकळून तो पूर्ण गार होऊ दिला. गरम गुळवणीत कल्चर टाकणारे लोक मी पाहिले आहेत, ते जिवाणूंचा काढा करतात. पाकीट त्यात कालवून ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्यावर शिंपडलं आणि हलक्या हाताने वर-खाली केलं. जोरात चोळलं की हरभऱ्याचं साल सुटतं. प्रत्येक दाणा काळपट, पण एकमेकांना न चिकटलेला, एवढंच पाणी घ्यायचं, सगळं लिटर संपवायची सक्ती नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत सुकवलं आणि लगेच वाफशावर पेरलं. एकरी तीस किलो बी, म्हणून तीन पाकिटं, तीही एका दमात न कालवता पेरणीच्या चालीने एकेक. उन्हात पेरणी यंत्राच्या पेटीत दुपारपर्यंत पडलेलं बी मी लेप नसलेलंच धरते.

शिवाय एक अट मी घातली. दोन्ही रानांत तीन-तीन ओळी बिनलेपाच्या ठेवायच्या, आणि त्या आधी पेरायच्या. लेपाचं बी आधी गेलं तर पेटीला, नळ्यांना जिवाणू लागतात आणि तुलना बाटते. भावाला हे नुकसान वाटलं. "तीन ओळी उगाच मारायच्या?" म्हणाला. मी म्हटलं, नाहीतर पुढच्या वर्षी तू पुन्हा फोन करशील, आणि तेव्हाही मला काही सांगता येणार नाही.

पाच आठवड्यांनी नदीकडच्या रानात त्या तीन ओळी बांधावरून ओळखू येत होत्या. शेजारच्या गर्द हिरव्यात पोपटी पट्टा. लेपाच्या रोपांना खोडाखाली मुख्य मुळावर गाठींचे घोसच होते, आतून लालभडक. घरामागच्या रानात मात्र बिनलेपाच्या ओळी कुठल्या, ते खुंट्या ठोकलेल्या नसत्या तर मला सांगता आलं नसतं.

नदीकडच्या रानाने त्या वर्षी एकरी आठ क्विंटल दिले. भाऊ खूश होऊन म्हणाला, आता बेवड चांगला झाला, पुढच्या पिकाला खत अर्धं. इथे मला त्याला थोडं अडवावं लागलं. हरभऱ्याच्या दाण्यात साधारण साडेतीन टक्के नत्र असतं. आठ क्विंटल दाण्याबरोबर २८ किलो नत्र बाजारात गेलं. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जवळपास २१ किलो असतं, म्हणजे सव्वा पोत्याहून जास्त. वर त्याने कुटारही विकलं होतं. मुळं, गळलेली पानं, आणि पिकाने हवेतून घेतल्यामुळे जमिनीतलं जे वाचलं ते, एवढाच बेवड. तो खोटा नाही, पण अर्ध्या खताएवढाही नाही. कुटार रानात राहिलं असतं तर हिशेब थोडा बदलला असता. त्यावर तो म्हणाला, जनावरं काय तुझ्या घरी बांधू?

२०१९च्या रब्बीत त्याने नदीकडे पुन्हा हरभरा घेतला. मी न सांगताच तीन ओळी बिनलेपाच्या ठेवल्या होत्या. डिसेंबरात मी गेले तेव्हा तो बांधावर उभा राहून मला म्हणाला, ओळख कुठल्या. मी दोनदा चुकले. मग कुदळ आणली, बादली भरली. बिनलेपाच्या रोपांवरही गाठी होत्या, बाजूच्या मुळांवर, विखुरलेल्या, कापल्यावर गुलाबी. दोन वर्षांपूर्वी दाण्याबरोबर गेलेले आता त्या मातीत राहायला आले होते. पुढच्या वर्षी पाकिटं आणू का, असं त्याने विचारलं. या रानाला नको, मी म्हटलं, पण ओढ्यापलीकडचा ऊस मोडशील तेव्हा आण, आणि आणशील तेव्हा माठाजवळ ठेव.